आईचा मिक्सर आणि ते चकचकीत कार्ड

आज दुपारी आईचा फोन. "अगं, त्या मिक्सरवाल्या मुलाबद्दल चांगलं लिहायचंय, पण ते पान काही उघडत नाही." अर्धा तास चष्मा लावून, मिक्सर दुरुस्त करून गेलेल्या त्या मुलाने दिलेलं रिव्ह्यूचं कार्ड खिडकीशी धरून एकेक अक्षर टाइप करत बसली होती बिचारी. संध्याकाळी जाऊन कार्ड पाहिलं आणि डोकंच फिरलं.

चौदा वर्षं डीटीपी करतेय, अशी कार्डं मीच शेकड्यांनी लावून दिलीत, म्हणून जरा जास्तच लागलं. गूगलकडून रिव्ह्यूची जी लिंक मिळते ती g.page/r/ अशी सुरू होते आणि पुढे लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची खिचडी. ती बोटाने दाबायला ठीक, कागदावरून टाइप करायला नाही. या दुकानवाल्याने ती जशीच्या तशी छापली होती, तीही बारीक टायपात. त्यात मोठा O की शून्य, लहान l की मोठा I, हे मलाही कळेना. आणि या लिंकमध्ये लहान-मोठं अक्षर बदललं की काम संपलं. आईने सगळं लहान लिपीत टाइप केलं होतं. तिची काय चूक?

हो, बाजूला क्यूआर होता, मान्य. पण नखाएवढा, चकचकीत लॅमिनेशनखाली आणि कडेला अगदी चिकटवलेला. क्यूआरला चारही बाजूंनी कोरी जागा लागते, आणि हातात धरायच्या कार्डावर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान करू नये. ट्यूबलाइटची तिरीप पडली की आईच्या जुन्या फोनचा कॅमेरा नुसता भिरभिरतो.

उपाय फार मोठा नाही हो. लिंक लहान करून देणाऱ्या बऱ्याच सेवांमध्ये शेवटचा शब्द आपल्याला निवडता येतो. दुकानाचं नाव, पुढे mat. सगळी अक्षरं लहान, आकडा नको, आडवी रेघ नको. हजार कार्डं छापण्याआधी एक प्रिंट काढा आणि घरातल्या साठीच्या माणसाला ती टाइप करायला लावा. मालकाच्या फोनवर नाही, त्याच्यात सगळं आधीच उघडलेलं असतं. रिव्ह्यू लिहायला गूगल खात्यात लॉगिन लागतं, हेही तेव्हाच लक्षात येतं.

पण मला खरा राग आला तो मजकुराचा. "५ स्टार द्या, पुढच्या सर्व्हिसवर ५० रुपये सूट मिळवा! समाधानी नसाल तर आधी आम्हाला फोन करा." म्हणजे कौतुक चारचौघांत आणि तक्रार कानात! गूगलच्या नियमांत सूट देऊन रिव्ह्यू मागणं बसत नाही, फक्त खूश गिऱ्हाइकांनाच निवडून रिव्ह्यू मागणंही नाही. पकडलं तर खरे रिव्ह्यूसुद्धा उडतात. त्या मुलाने कपलर आणि कार्बन ब्रश बदलले, झिजलेले जुने ब्रश आईच्या हातावर ठेवले, ४५० रुपयांची पावती दिली. इतकं चोख काम करणाऱ्याला पन्नास रुपयांचं आमिष कशाला?

बरं, दुकानदाराचंही खोटं नाही. खवळलेलं गिऱ्हाईक एक स्टार टाकून मोकळं होतं, खूश गिऱ्हाईक विसरून जातं. मागावंच लागतं. मग नीट मागा ना.

आता जरा शांत झालेय. रात्री आईच्याच टेबलावर मजकूर लिहिला, दुकानदाराला फुकट पाठवणार आहे:

"बदललेले भाग: ______ तारीख: ______
काही अडलं तर फोन: ______
आठवडाभर वापरून बघा. मग काम कसं झालं ते दोन ओळींत लिहा, चांगलं-वाईट जे असेल ते.
(लिंक, ठळक, स्वतंत्र ओळीत)"

वरची ओळ मुलाने पेनाने भरायची, म्हणून कागद बिनलॅमिनेशनचा. चकचकीत कागदावर शाई पुसते. भागांची नावं समोर असली की गिऱ्हाइकाला काय लिहायचं ते सुचतं, नाहीतर "गुड सर्व्हिस" एवढंच येतं. आठवडा अशासाठी, की मिक्सर दारात चालू करून दाखवला तर चालतोच. खरी परीक्षा खोबऱ्याच्या चटणीला. फोन नंबर सगळ्यांसाठी, फक्त नाराजांसाठी नाही.

मग आईला लॉगिन करून दिलं. तिने स्वतः टाइप केलं: "मुलगा चपला बाहेर काढून आला. जुने ब्रश दाखवले. आता जळका वास येत नाही."

आणि चार स्टार दिले.

मी म्हटलं, "आई, एक का कापलास?"

"मंगळवारी येतो म्हणाला आणि बुधवारी आला ना."