मजुरी धरायचीच : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी कोणती पुस्तकं वाचावीत, यावरच्या माझ्या लेखाला आलेली वाचकाची प्रतिक्रिया : "पुस्तकं वाचून चकली विकता येत नाही. तुम्ही सुचवलेली पुस्तकं स्वतःची मजुरी भावात धरायला सांगतात. घरातली बाई स्वतःला पगार देते का? असा भाव लावला तर इंदूरमध्ये एक पाकीट खपणार नाही. नोंदणीचं संकेतस्थळही जुनं दिलंय आणि निम्मी पुस्तकं इंग्रजी. ज्यांनी धंदा केला नाही त्यांनी असले सल्ले देऊ नयेत."

नमस्कार.

शेवटच्या वाक्याचं आधी बोलते, कारण ते मला लागलं. मी धंदा केला नाही हे आपण कशावरून ठरवलंत? मतभेद असू द्या, पण ज्या बाईला आपण ओळखत नाही तिच्याशी या सुरात बोलायचं कारण नव्हतं.

संकेतस्थळाबद्दल आपलं बरोबर आहे. अन्न नोंदणीचं जुनं पोर्टल 2020 मध्ये बदललं आणि माझ्याजवळची पुस्तकाची प्रत त्याआधीची आहे. आता पत्ता foscos.fssai.gov.in असा आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. इंग्रजी पुस्तकांचं म्हणाल तर मराठी पुस्तकांची नावं मी आधी दिली होती, ती आपण वाचली नसावीत.

आता मजुरी. 2016 च्या दिवाळीत मी रामबागेतल्या आमच्या घरातून चकली विकली. सामान सियागंजातून आणलं होतं. एक किलो भाजणीला खर्च असा आला : डाळ-तांदूळ, भाजणं-दळणं मिळून 90 रुपये, तेल 36, तीळ-तिखट-ओवा-हिंग 18, गॅस 21, पाकिटं आणि लेबलं 35. एकूण 200. तेलाचा आकडा अंदाजाचा नाही. तळणीआधी आणि तळणीनंतर कढईतलं तेल मी वजन करून पाहिलं होतं, साडेतीनशे ग्रॅम कमी भरलं, आणि मोहनाचं शंभर वेगळं. तुटलेल्या चकल्या बाजूला काढून हातात आली 1 किलो 400 ग्रॅम, म्हणजे दोनशे ग्रॅमची सात पाकिटं. चाळीस रुपयांना एक, म्हणून 280 आले. ऐंशी रुपये सुटले, मी खूश होते.

मग 84 पाकिटांची ऑर्डर आली. म्हणजे बारा किलो भाजणी. एका किलोला भाजणं, भिजवणं, सोऱ्यानं पाडणं, तळणं, गार करणं आणि भरणं मिळून तीन तास लागतात, ते एकटीनं निभणं शक्य नव्हतं. शेजारच्या गल्लीतली एक बाई तासाला पन्नास रुपयांवर मदतीला आली. निम्मं काम तिचं धरलं तरी किलोमागे तिचे 75 झाले आणि माझ्या दीड तासाचे राहिले पाच रुपये. बारा किलोंचे साठ. त्यात घाईघाईत एका किलोची चकली कोमट असतानाच पाकिटात भरली, आतल्या आत वाफ धरली आणि ती मऊ पडली. सात पाकिटं परत आली, 280 रुपये परत द्यावे लागले. ऑर्डर जितकी मोठी तितकी मी खड्ड्यात, कारण भाव ठरवताना माझे तीन तास फुकट धरले होते. आपण विचारता, घरातली बाई स्वतःला पगार देते का. नसेल देत, पण तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली की तिला द्यावाच लागतो. त्याच दरानं आपले तास मांडायचे, पुस्तकात एवढंच लिहिलं आहे.

मांडल्यावर पाकीट मला पन्नासला पडत होतं. मी भाव साठ केला. माझ्याकडून घेणाऱ्या बावीस घरांपैकी नऊ घरं तुटली, हे लपवत नाही. यंत्रावरच्या शेव-नमकीनच्या गावात ती तुटणारच होती. पण त्याच हिशोबानं दुसरी गोष्ट दिसली. भाजणीचं पीठ तसंच विकलं तर किलोला माझी जेमतेम चाळीस मिनिटं जातात : 90 सामानाचे, 5 पिशवीचे, 33 मजुरीचे, एकूण 128. ते 170 ला गेलं. इथल्या मराठी घरांत चकली तळायला हात आहेत, भाजणी भाजायला वेळ नाही. वेळाचा रकाना नसता तर ही वस्तू मला सुचलीच नसती.

म्हणूनच मी लिहिलं होतं की पुस्तक विकत घेण्याआधी भाव ठरवण्याचं प्रकरण उघडून बघा. उदाहरणात माप वाटीत असेल, हाती आलेलं तयार वजन आणि लागलेला वेळ लिहिलेला नसेल, तर ते पुस्तक स्वयंपाकाला चांगलं असेल, विक्रीला उपयोगाचं नाही. आपण त्या परिच्छेदाचं नावही घेतलं नाहीत.

आपण स्वतः विकत असाल तर एका किलो भाजणीचे तास घड्याळ लावून मोजा आणि आकडे इथेच लिहा. माझी 2016 ची वही अजून माझ्याजवळ आहे, तिच्याशी ताडून बघू.