ग्रॅम स्टेनमधले ‘डिप्थेरॉइड’ आणि लिस्टेरियाचा मेंदूज्वर

«मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीतल्या पाण्यात ग्रॅम स्टेनला जंतू दिसला नाही, तर तो जिवाणूंचा मेंदूज्वर नव्हेच. दिसला, तर रंग आणि आकार पाहून नाव ठरतेच. जांभळे दंडाणू मात्र कातडीवरचे डिप्थेरॉइड असतात, ते सोडून द्यावेत. कल्चर ही औपचारिकता आहे, कारण सेफ्ट्रायाक्झोन सगळ्यांनाच लागू पडते.»

ग्रॅम स्टेन म्हणजे जंतूंना जांभळा किंवा गुलाबी रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत, कल्चर म्हणजे ते माध्यमावर वाढवून पाहणे, आणि सेफ्ट्रायाक्झोन हे एक प्रतिजैविक. वरची विधाने एकाच रुग्णाला लावून पाहिली की ती कुठे मोडतात ते दिसते. त्यासाठी एक प्रातिनिधिक रुग्ण घेऊ. वय 66, सांधेदुखीसाठी आठ महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू. तीन दिवस ताप आणि डोकेदुखी, चौथ्या दिवशी बोलणे असंबद्ध आणि मान ताठ. पाठीतले पाणी, म्हणजे सीएसएफ, किंचित गढूळ आहे. एका मायक्रोलिटरमध्ये 620 पांढऱ्या पेशी असून त्यांतल्या 55 टक्के न्यूट्रोफिल आहेत. प्रथिने डेसिलिटरमागे 190 मिलिग्रॅम आणि ग्लुकोज 42 मिलिग्रॅम आहे. त्याच वेळी रक्तातले ग्लुकोज 128 आहे. स्लाइडवर भरपूर पूपेशी, आणि बऱ्याच शोधानंतर सापडलेले मोजकेच आखूड जांभळे दंडाणू. काही जोडीने, एक-दोन पूपेशीच्या आत. अहवालात लिहिले गेले: ‘डिप्थेरॉइडसदृश दंडाणू, बहुधा कंटॅमिनंट’, म्हणजे बाहेरून नमुन्यात मिसळलेले.

पहिल्या विधानाचे उत्तर मोजमापात आहे. तैलभिंगाखाली एका वेळी दिसणारे क्षेत्र इतके लहान असते की त्यात सहज एखादा जंतू आढळण्यासाठी मिलिलिटरमागे सुमारे एक लाख जंतू असावे लागतात. संख्या हजाराच्या खाली गेली, तर बहुतेक स्लाइड कोऱ्याच दिसतात, आणि तरीही तेच पाणी प्लेटवर टाकले तर जंतू उगवू शकतो. न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरात जंतूंची गर्दी असते, म्हणून तो सहसा दिसतो. लिस्टेरिया या आखूड जांभळ्या दंडाणूच्या मेंदूज्वरात ती विरळ असते आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत स्लाइडवर काहीही दिसत नाही. वरच्या रुग्णाची स्लाइड कोरी निघाली असती, तरी 620 पेशी आणि रक्ताच्या तिसऱ्या हिश्शावर उतरलेले ग्लुकोज यांचा अर्थ बदलला नसता. पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवता थेट थेंब पसरला, किंवा पाणी काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस गेला, तर दिसण्याची शक्यता आणखी घटते. शिवाय आपल्याकडे नेहमी आढळणारा क्षयाचा मेंदूज्वर ग्रॅम स्टेनवर उमटतच नाही, कारण त्या जंतूचे मेणचट आवरण हा रंग नीट घेत नाही. म्हणून ‘जंतू दिसले नाहीत’ हे वाक्य जंतूंची संख्या आणि रंगाची मर्यादा यांविषयी बोलते. आजाराचे कारण जिवाणू नाही, असे ते सांगत नाही.

रंग आणि आकारावरून नाव ठरते, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. भाल्याच्या टोकासारखे निमुळते, जोडीने असलेले जांभळे गोलाणू आणि भोवती रंगहीन कडे दिसले, तर न्यूमोकॉकसचा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. सपाट बाजू समोरासमोर असलेली गुलाबी जोडी पूपेशींत दिसली, तर मेनिंगोकॉकसचा विचार पहिला येतो. पण हे अंदाज रंग बरोबर चढला आहे या गृहीतावर उभे असतात. हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी 1884 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हापासून तिचा नाजूक टप्पा एकच राहिला आहे: क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीननंतरची अल्कोहोलची धुलाई. ती काही सेकंद लांबली की जांभळा जंतू रंग सोडतो आणि सॅफ्रनिनचा गुलाबी रंग घेतो. अर्धवट धुतलेली न्यूमोकॉकसची जोडी अशाने मेनिंगोकॉकस वाटू शकते, आणि आखूड लिस्टेरिया हिमोफिलस इन्फ्लुएन्झासारखा गुलाबी दिसू शकतो. प्रतिजैविकाने इजा झालेले जंतूही असाच रंग सोडतात.

याची खूण स्लाइडवरच काही प्रमाणात मिळते. पूपेशींची केंद्रके गुलाबी असायला हवीत. ती जांभळी राहिली असतील, तर धुलाई अपुरी झाली आहे आणि जांभळ्या जंतूंवर विश्वास ठेवता येत नाही. धुलाई जास्त झाली का, हे मात्र केंद्रकांवरून कळत नाही. त्यासाठी शेजारी स्टॅफिलोकॉकस आणि ई. कोलाय यांची ओळखीची स्लाइड एकाच वेळी रंगवावी लागते. ही पाच मिनिटांची सवय अनेक ठिकाणी सुटली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता त्या दंडाणूंकडे येऊ, कारण सुरुवातीच्या विधानांतला सर्वात घातक भाग तोच आहे. कातडीवरचे डिप्थेरॉइड सीएसएफमध्ये येऊ शकतात, हे खरे आहे. पण ते सुई शिरताना आलेले असतात, आणि त्यांच्यामुळे पाण्यात 620 पेशी जमा होत नाहीत की ग्लुकोज उतरत नाही. ते सहसा पूपेशींच्या बाहेर असतात, एका टोकाला फुगीर दिसतात आणि एकमेकांना कोन करून किंवा कुंपणाच्या काठ्यांसारखे शेजारी शेजारी मांडलेले असतात. आपल्या रुग्णात दंडाणू आखूड आहेत, काही पेशींच्या आत आहेत, आणि रुग्ण वयस्क असून स्टेरॉइडवर आहे. पेशींच्या आत राहून वाढणे हा लिस्टेरियाचा स्वभाव आहे, आणि पेशींवर अवलंबून असलेली प्रतिकारशक्ती स्टेरॉइडने दबली की तो मेंदूपर्यंत पोहोचतो. नवजात बाळे, गर्भवती स्त्रिया आणि पन्नाशीपुढची माणसे यांच्यातही तो लक्षात ठेवावा लागतो. असे चित्र असताना ‘डिप्थेरॉइड’ हा शब्द अहवालात जाण्याआधी लिस्टेरिया नाही हे सिद्ध व्हायला हवे. ते सिद्ध करण्याची जबाबदारी प्रयोगशाळेची आहे आणि तोवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून शंका सांगणे हेही तिचेच काम आहे.

लिस्टेरियाच्या नावाचा दुसरा भाग मोनोसायटोजेनेस असल्यामुळे सीएसएफमध्ये मोनोसाइट या पांढऱ्या पेशी शोधण्याचा मोह होतो. हे नाव 1926 मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेतल्या सशांच्या रक्तात वाढलेल्या मोनोसाइटवरून आले; माणसाच्या सीएसएफमध्ये ती खूण भरवशाची नाही. आपल्या रुग्णातल्यासारखे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे जवळपास समसमान मिश्रण दिसले, तर ते लिस्टेरियाच्या विरोधात जात नाही.

उरली कल्चरची गोष्ट. पाणी मेंढीच्या रक्ताच्या ब्लड अगारवर आणि चॉकलेट अगारवर टाकले. दुसऱ्या दिवशी ब्लड अगारवर बारीक, राखी, अर्धपारदर्शक वसाहती दिसल्या. त्यांच्याखाली रक्त विरघळल्याचे अरुंद वलय होते, इतके अरुंद की वसाहत बाजूला सरकवल्यावरच ते नीट दिसले. डिप्थेरॉइड असते तर ते बहुधा फक्त द्रव माध्यमात, दोन-तीन दिवसांनी आणि एखाद्याच नळीत उगवले असते. इथे थेट प्लेटवर चोवीस तासांत वाढ आहे. पण या वसाहती ब गटाच्या स्ट्रेप्टोकॉकससारख्या हुबेहूब दिसतात, आणि इथे दुसरी चूक होते. कॅम्प चाचणी आणि हिप्पुरेटचे विघटन या दोन्ही तपासण्या दोन्ही जंतूंत सकारात्मक येतात, म्हणून त्यांवर नाव ठरवणारा फसतो.

निकाल लावणारी पहिली चाचणी साधी आहे: कॅटालेज. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये वसाहत टाकली की लिस्टेरियाचे बुडबुडे लगेच येतात, स्ट्रेप्टोकॉकसचे येत नाहीत. वसाहत उचलताना खालचे अगार खरवडले, तर रक्तातलेच कॅटालेज खोटे बुडबुडे दाखवते, म्हणून ती वरवर उचलावी. डिप्थेरॉइडही कॅटालेज सकारात्मक असतात. त्यांना वेगळे काढते ती हालचाल. द्रव माध्यमातली वाढ 37 अंशांवर न ठेवता 22 ते 25 अंशांवर ठेवून लोंबत्या थेंबात पाहिली, तर लिस्टेरिया गडबडा लोळताना दिसतो, आणि अर्धघन अगारमध्ये टोचल्यास पृष्ठभागाच्या थोडे खाली छत्रीसारखी वाढ पसरते. 37 अंशांवर ही हालचाल जवळजवळ थांबते, त्यामुळे उबवणीयंत्रातून काढून लगेच पाहणारा ‘अचल’ असे लिहून मोकळा होतो आणि डिप्थेरॉइडचे चुकीचे निदान पक्के होते. एस्क्युलिनच्या माध्यमात लिस्टेरिया काळा रंग आणतो, बहुतेक डिप्थेरॉइड आणत नाहीत. त्याच दिवशी घेतलेल्या रक्ताच्या कल्चरमध्येही तोच जंतू उगवला, तर कंटॅमिनंटचा संशय उरत नाही.

या साऱ्या खटाटोपाचे कारण औषधात आहे, आणि शेवटचे विधान नेमके तिथेच चुकते. सेफ्ट्रायाक्झोन न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस यांच्यावर चांगले चालते, पण लिस्टेरियाच्या पेशीभित्तिकेतल्या लक्ष्यप्रथिनाला ते नीट चिकटत नाही, म्हणून त्या औषधाच्या गटातल्या सगळ्याच सेफॅलोस्पोरिनना हा जंतू मुळातच दाद देत नाही. व्हँकोमायसिन जोडल्याने ही उणीव भरवशाने भरून निघत नाही. इथे अँपिसिलिन लागते. मूत्रपिंडे धड असलेल्या प्रौढाला दर चार तासांनी 2 ग्रॅम शिरेतून, किमान 21 दिवस, आणि अनेकदा सुरुवातीला जेंटामायसिनची जोड दिली जाते. पन्नाशीपुढच्या किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णात स्लाइड कोरी असली तरी सुरुवातीच्या औषधांत अँपिसिलिन घालतात ते यामुळेच.

औषध थांबवून कल्चरची वाट पाहावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पाणी आणि रक्त लगेच घ्यावे, उशीर होणार असेल तर निदान रक्त घेऊन औषध सुरू करावे. सेफॅलोस्पोरिनच्या डोसनंतर मेनिंगोकॉकस दोनेक तासांतच सीएसएफमधून उगवेनासा होऊ शकतो, म्हणून पाणी कधी काढले आणि डोस कधी गेला या दोन्ही वेळा अर्जावर लिहाव्यात. नमुना फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण थंडीत मेनिंगोकॉकस, न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस मरू लागतात. लिस्टेरिया मात्र 4 अंशांवरही वाढतो, त्यामुळे रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेल्या नळीतून तो निघू शकतो आणि बाकीचे निघणार नाहीत. अशा नमुन्याचा नकारात्मक निकाल वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

आपल्या रुग्णाच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट पाहणाऱ्या व्यक्तीने कॅटालेज केले, खोलीच्या तापमानाला हालचाल पाहिली आणि वॉर्डात फोन केला, तर त्याच दुपारी अँपिसिलिन सुरू होते. ‘डिप्थेरॉइड’ शब्द तसाच राहिला, तर रुग्णाला फक्त सेफ्ट्रायाक्झोन मिळत राहते आणि ताप का उतरत नाही याचा शोध तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतो.