शासन, महाराष्ट्र

प्रबंधातलं सगळ्यात सोपं काम म्हणजे प्रबंध लिहिणं. अवघड असतं ते शेवटचं प्रकरण हातात घेऊन सरांनी चष्मा कपाळावर चढवणं आणि म्हणणं, "संदर्भ एपीएत का दिलेत? आपल्याकडं एमएलए चालतंय." एपीए आणि एमएलए या संदर्भ द्यायच्या दोन पद्धती, आणि हे वाक्य आमच्या विभागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पुढच्या वर्षी ते उलटंही होतं, एमएलएत दिलं तर एपीए मागतात. तेव्हा ज्यांच्या वाट्याला ते अजून आलेलं नाही, त्या वर्गबंधू-भगिनींसाठी हा कागद.

हाताने बदलायचं म्हटलं तर काय होतं ते सांगतो. एपीएत प्रकाशनवर्ष लेखकाच्या पाठोपाठ कंसात बसतं, एमएलएत तेच उठून प्रकाशकाच्या मागं शेवटी जातं. म्हणजे यादीतल्या प्रत्येक पुस्तकाचं वर्ष उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचं. शिवाय मजकुरात जिथं जिथं वर्ष आहे तिथं ते काढून पान क्रमांक घालायचा, आणि तो पान क्रमांक आपण टिपून ठेवलेलाच नसतो. मग ग्रंथालयात परत जायचं, तर पुस्तक कुणीतरी घरी नेलेलं असतं. ते कोण, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही, सरच असतात.

यावर तोडगा म्हणजे झोटेरो, संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, zotero.org वर मिळतं. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी ते पहिल्यांदा आणलं, म्हणजे तळटिपांचं दुखणं स्वतः भोगलेल्यांनी. एकदा बसवलं की वर्डमध्ये वर Zotero नावाचा टॅब येतो. नाही आला तर रडत बसू नका. वर्ड बंद करा आणि झोटेरोच्या Settings मधल्या Cite मध्ये जाऊन वर्डचा जोड पुन्हा बसवा. पुस्तकाची माहिती झोटेरोत एकदा भरायची, मजकुरात जिथं संदर्भ हवा तिथं Add/Edit Citation दाबायचं आणि शेवटी Add/Edit Bibliography. सर चष्मा चढवतात त्या दिवशी Document Preferences उघडायचं, एपीएच्या जागी एमएलए निवडायचं आणि चहा सांगायचा. चहा यायच्या आत काम झालेलं असतं.

आता खरी मेख. इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की बहुधा सगळी माहिती आपोआप येते. आपली निम्मी पुस्तकं आयएसबीएन जन्मायच्या आधीची, बाकीच्यांची माहिती कुठं सापडत नाही. ती हातानेच भरायची. इथंच आमच्या वर्गाने इतिहास घडवला.

आमचा एक मित्र शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या हुकुमावर लिहितोय. संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी ठेवल्या, तोच तो हुकूम. झोटेरोत लेखकासाठी दोन चौकटी असतात, आडनावाची आणि नावाची. गड्याने प्रामाणिकपणे दोन्ही भरल्या. यादीत आलं : 'सरकार, करवीर'. खाली अहवालांच्या रांगेत 'शासन, महाराष्ट्र'. सरांनी ते वाचलं, पान उलटलं, पुन्हा मागं आले आणि गंभीरपणे विचारलं, "हे शासन कुठले? गडहिंग्लजकडचे काय?" मित्र म्हणाला, "मुंबईचे हायेत सर." मौखिक परीक्षेची एवढी चांगली तालीम दुसरी झाली नसेल.

उपाय एका टिचकीचा आहे. नावाच्या चौकटीशेजारी एक बारकं बटण असतं; ते दाबलं की दोन चौकटींची एक होते. सरकार, संस्था, मंडळ, परिषद सगळे त्या एका चौकटीत. माणसांना मात्र दोनच ठेवा : आडनाव एकीकडं, स्वतःचं आणि वडिलांचं नाव दुसरीकडं. जुन्या पुस्तकावर शके १८४० असेल तर त्यात ७८ मिळवून १९१८ लिहा. झोटेरोला शक कळत नाही. ते तो आकडा मुकाट्याने इसवी सन धरून चालतं आणि तुमचा लेखक ७८ वर्षं आधी जन्माला घालतं.

दुसरी मेख पान क्रमांकाची. संदर्भ आला की त्याच्या पुढं हाताने 'पृ. ४५' टंकू नका. Add/Edit Citation ची खिडकी उघडलेली असताना पुस्तकाच्या नावावर टिचकी मारा, पानाची चौकट उघडते, आकडा तिथं घाला. हाताने काही बदललंत तर झोटेरो विचारतं की तुमचा बदल ठेवायचा का. होय म्हणालात की तो संदर्भ त्यानंतर कधीच बदलत नाही. सगळा प्रबंध एमएलएत जातो आणि हा एकटा एपीएत राहतो, लग्नाच्या पंगतीत उपासाचं ताट मांडल्यासारखा. सरांची नजर बरोबर त्याच्यावरच जाते.

तिसरी गोष्ट झोटेरोची नव्हे, राजारामपुरीतल्या आमच्या डीटीपीवाल्या अण्णांची. मित्राने फाईल नेली आणि म्हणाला, "अण्णा, हे युनिकोडमध्ये हाय, जपून."

"युनिकोड ऱ्हाऊ दे. आपल्याकडं शिवाजी फॉन्ट हाय, लई भारी दिसतंय," असं म्हणत अण्णांनी सगळा मजकूर निवडला आणि फॉन्ट बदलला. मराठी जागेवर राहिली, पण इंग्रजी संदर्भांची यादी एका क्षणात देवनागरी झाली. वाचायला गेलं तर एकही शब्द लागेना. नुसते काने, मात्रा आणि अर्धी अक्षरं. अण्णा म्हणाले, "बघ, समदं मराठी झालं."

कारण असं की तसल्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठी चेहरा. खऱ्या इंग्रजीवर तो फॉन्ट चढवला की तिलाही तोच चेहरा येतो. आपला मजकूर कुठल्या जातीचा आहे हे पाहायचं असेल तर एक मराठी शब्द निवडा आणि त्याला एरियल द्या. मराठीच राहिला तर युनिकोड. इंग्रजी कचरा दिसला तर जुना फॉन्ट. तसं असेल तर आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मगच झोटेरोला हात लावा. कोऱ्या फाईलीत पहिल्याच दिवशी हे केलेलं सगळ्यात बरं.

झोटेरोला न जमणाऱ्या गोष्टीही आहेत. विभागाला मराठी आणि इंग्रजी याद्या वेगळ्या हव्या असतात, झोटेरो एकच देतं : आधी इंग्रजी, मग मराठी. 'et al.' तर मराठी लेखकांच्या मागंही येतं. म्हणून सगळं पक्कं झाल्यावर फाईलची एक प्रत करा आणि त्या प्रतीत Unlink Citations दाबा. आता तो साधा मजकूर झाला; यादी मधून तोडा, 'et al.' च्या जागी 'व इतर' घाला. मूळ फाईलला हे करू नका, कारण तुटलेला दुवा परत जुळत नाही आणि सरांचा चष्मा अजून कपाळावर आहे.

छपाईला मात्र वर्डची फाईल द्यायचीच नाही, पीडीएफ द्यायची. मित्राने परवा तीच दिली. अण्णांनी उघडली, इकडंतिकडं टिचक्या मारल्या आणि विचारलं, "ह्यात फॉन्ट कुठनं बदलायचा रं?"

"बदलत न्हाई, अण्णा."

"मग कशाला आणलीस?"

"म्हणूनच आणली."