हातावरच्या डागांसाठी हृदयाची गोळी बंद करू नका

"वयस्कर माणसाच्या हातावर जांभळे डाग दिसले म्हणजे रक्त धोकादायक पातळ झालंय. रक्त पातळ करायची गोळी लगेच बंद करा. त्याऐवजी रोज सकाळी दोन कच्च्या लसूण पाकळ्या आणि दालचिनीचं पाणी घ्या. डागांवर कोमट तिळाचं तेल जोरात चोळा, साचलेलं रक्त मोकळं होतं. हे डाग व्हिटॅमिनच्या कमतरतेमुळेही येतात, त्यासाठी पालकाचा रस प्या. सर्व ज्येष्ठांना पाठवा."

हा मेसेज माझ्या आत्याला भिशीच्या ग्रुपवर आला आणि तिने ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी बंद करून टाकली. कुणाला विचारलं नाही, मलाही नाही, आणि मी रोज पेशंट तपासते. मग संताप येणार नाही तर काय?

आधी तिच्या हाताबद्दल. दोन्ही हातांवर, कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूला आणि पंज्याच्या पाठीवर चार-पाच डाग होते. कडा ठळक, आकार वेडेवाकडे, रंग गडद जांभळा. दाबलं तरी रंग जात नव्हता आणि दुखतही नव्हतं. एक जुना डाग तपकिरी झालेला. साध्या मुक्या माराचा डाग जाताना हिरवा-पिवळा होतो, हे डाग तसे होत नाहीत. जांभळ्यावरून सरळ तपकिरी होतात आणि एक ते तीन आठवड्यांत विरतात, कधीकधी मागे कायमची तपकिरी छटा ठेवून. आणि सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे ब्लाउजच्या बाहीची रेघ. बाहीने झाकलेली कातडी एकदम स्वच्छ होती. पाठीवर, पोटावर, मांड्यांवर काही नाही.

गोळी रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. बाहीपाशी येऊन ती थांबत नाही. बाहीपाशी थांबतं ते ऊन. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि वयाने कातडीच्या आतल्या थरातलं कोलॅजन झिजतं. बारीक रक्तवाहिन्यांना धरून ठेवणारा हाच थर असतो. तो गेला की कातडी जरा सरकली तरी वाहिनी फाटते आणि रक्त कातडीतच पसरतं. काय लागलं हे माणसाला आठवतही नाही, कारण लागलेलं नसतंच: काचेच्या बांगड्या वर-खाली होतात, पिशवीचा बंद मनगटाला घासतो, बीपीचा पट्टा आवळला जातो, कुणी प्रेमाने हात धरून उठवतं. आत्याला खुर्चीतून उठवताना घरातले तिला मनगटाच्या वर धरून ओढायचे. नवे डाग नेमके तिथेच होते. इंग्लंडमधल्या थॉमस बेटमन या डॉक्टरने १८१८ मध्ये हे डाग वर्णन केले, म्हणजे रक्ताच्या आजच्या गोळ्या निघण्याच्या कितीतरी आधी.

आता एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. गोळीचा हातभार लागतो. वॉरफेरिन, ॲसिट्रॉम, ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांपैकी काही चालू असेल तर तेवढ्याच धक्क्याने डाग मोठा उठतो आणि वारंवार उठतो. दोन गोळ्या एकत्र असतील तर आणखी. पण कातडी नाजूक नसती तर त्या धक्क्याने काहीच झालं नसतं, आणि गोळी बंद केल्याने कातडी जाड होत नाही. ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन घेणाऱ्याला शंका आली तर उत्तर तपासणीत मिळतं: आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, आणि प्लेटलेट. आत्याचा शेवटचा आयएनआर २.४ होता, तिच्या आजारात २ ते ३ हवा असतो. प्लेटलेटही व्यवस्थित. म्हणजे गोळी बरोबर चालली होती, नेमकी तेव्हा तिने ती थांबवली.

लसणाच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण याने माणसं मरतील. आत्याला एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो. तिथे रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात २००७ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. अशा रुग्णांत वॉरफेरिनमुळे पक्षाघाताचं प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी घटलं. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी सुमारे २२ टक्केच. ॲसिट्रॉम वॉरफेरिनच्याच जातीची. जिथे ॲस्पिरिनसुद्धा एवढी तोकडी पडते, तिथे लसूण-दालचिनीने भागेल हे कुणी तपासलं? लसणाचा परिणाम किती, तो कशाने मोजायचा, कमी-जास्त झाला तर काय करायचं, यातलं काहीच ठरलेलं नाही. शिवाय रक्त फार पातळ झालंय म्हणणारा मेसेज त्याच दमात रक्त पातळ करणारा म्हणून लसूण सांगतो! स्टेंट बसवलेल्या माणसाने क्लोपिडोग्रेल अचानक सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. त्याच्यासाठी हा सल्ला आणखी घातक.

पालकाचं काय? ॲसिट्रॉम आणि वॉरफेरिन व्हिटॅमिन के अडवून काम करतात आणि पालकात ते भरपूर असतं. रोजच्या जेवणातली पालेभाजी चालू द्या, ती सोडायचीही नाही. पण एकदम रोज रस प्यायला लागलात तर आयएनआर खाली येतो. व्हिटॅमिन सीच्या कमतरतेने डाग येतात हे खरं, पण तेव्हा हिरड्या सुजतात आणि पायावर केसांच्या मुळाशी ठिपके दिसतात.

तेल चोळणं म्हणजे जे घासण्याने फाटलं तेच पुन्हा घासणं. कोरडी कातडी मऊ ठेवायला साधं मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावा, पूर्ण बाह्या घाला, उठवताना काखेखाली किंवा कमरेला आधार द्या. कातडी फाटलीच तर पाण्याने धुऊन सुटलेला पापुद्रा हळूच जागेवर पसरा, वर न चिकटणारं पॅराफिनचं ड्रेसिंग ठेवा आणि पट्टी बांधा. चिकटपट्टी थेट कातडीला लावू नका, काढताना उरलेली कातडीही निघते.

मेसेजमध्ये स्टेरॉइडचं नावच नाही, याचं मला सगळ्यात नवल वाटलं. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, हातावर रोज चोळलेलं स्टेरॉइडचं मलम, दम्याच्या पंपाचा मोठा डोस, या सगळ्यांनी कातडी पातळ होते. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड सापडलेलं आहे. सावळ्या कातडीला ऊन तुलनेने कमी बाधतं, म्हणून आपल्याकडे खूप डाग दिसले की मी आधी पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढायला सांगते. पण स्टेरॉइडच्या गोळ्याही एकदम थांबवायच्या नसतात.

आत्याने डॉक्टरांना फोन करून गोळी पुन्हा सुरू केली आणि आयएनआर परत करायचा ठरलाय. गोळी घेणाऱ्याला खरी धावपळ लागते ती पुढच्या गोष्टींसाठी: झाकलेल्या अंगावर विनाकारण मोठे डाग, पायांवर बारीक लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारं रक्त, लघवीत रक्त, डांबरासारखी काळी शी. आणि डोक्यावर आपटलं असेल तर वरून काहीही दिसत नसलं, माणूस नीट बोलत असला तरी त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जा आणि कोणती गोळी चालू आहे ते दारातच सांगा.