‘अमूल्य’ अडतो आणि ‘अमूलपेक्षा’ सुटतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

सोशल मीडियावर पोस्ट जाण्याआधी ती स्पर्धकांची नावं, नाजूक शब्द आणि तारखा यांच्या यादीशी ताडून पाहावी आणि शंका आली तर थांबवावी, असं मी आधीच्या एका लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: “लेख वाचला. शब्दांची यादी लावून पोस्ट अडवणं ही निव्वळ कारकुनी आहे आणि ती तुम्ही शास्त्र म्हणून विकताय. आमच्याकडे दहा पोस्ट अडल्या की नऊ निर्दोष निघतात. परवा आमच्या दूध कंपनीची पोस्ट ‘अमूल्य’ या शब्दापायी अर्धा दिवस लटकली, आणि ‘अमूलपेक्षा घट्ट दही’ मात्र बिनदिक्कत गेली! तारखांचं तर हसूच येतं. २६ नोव्हेंबरला धंदा बंद ठेवायचा का? चित्रातला मजकूर तर यादीला दिसतच नाही. लिहिणाऱ्याला डोकं असलं की यादी लागत नाही.”

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मुद्द्यांचं उत्तर देतोच, पण ‘कारकुनी’ आणि ‘विकताय’ हे दोन शब्द मला लागले, ते आधी सांगतो. मी काही विकत नाही. जे करतो ते लिहितो, आणि ते कुणीही फुकट वाचावं. राहिली कारकुनी. माझी सुरुवात एका वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत झाली. तिथे पान छापायला सोडण्यापूर्वी एक माणूस फक्त एवढंच बघायचा, की निधनाच्या बातमीला खेटून सेलची जाहिरात तर लागलेली नाही ना, आणि कालची तारीख आज तशीच तर राहिलेली नाही ना. त्या माणसाला आमच्या डेस्कवर सगळ्यात जास्त मान होता. त्या कामाला हलकं लेखायची सवय मला तेव्हा लागली नाही, आता लागणार नाही.

एक मान्य करतो. चित्रावर लिहिलेला मजकूर शब्दांच्या तपासणीला दिसत नाही. त्यासाठी चित्र करणाऱ्याकडून तोच मजकूर वेगळ्या रकान्यात घ्यावा लागतो. हे मूळ लेखात यायला हरकत नव्हती. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आता तुमची ती दुधाची पोस्ट. संपूर्ण प्रतिक्रियेत कामाचं वाक्य तेवढं एकच आहे, आणि तुम्ही ते यादीविरुद्धचा पुरावा म्हणून दिलंय. खरं तर तुमच्याकडे यादी कशी लावली आहे, हे त्या वाक्यावरून मला इथे बसून सांगता येतं. कुणीतरी पायथनमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना `\b` लावलाय. इंग्रजीत ही खूण शब्दाची सीमा ओळखते. देवनागरीत पायथनचं शब्द शोधण्याचं नेहमीचं साधन `re` हे काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण यांना अक्षरं मानतच नाही. म्हणून हे असं होतं:

```python
re.search(r'\bअमूल\b', 'अमूल्य')      # सापडतो
re.search(r'\bअमूल\b', 'अमूलपेक्षा')   # None
```

पहिल्या शब्दात ‘ल’च्या पुढे पायमोडीची खूण आहे. यंत्राला वाटतं शब्द तिथेच संपला, आणि ते आनंदाने पोस्ट अडवतं. दुसऱ्यात ‘ल’च्या पुढे सरळ ‘पे’ येतो, म्हणजे यंत्राच्या मते शब्द अजून चालू आहे, म्हणून ते सोडून देतं. बरोबर उलटं. आणि मराठीत प्रत्यय नावाला चिकटूनच येतात. ‘अमूलचं’, ‘अमूलने’, ‘अमूलला’, आणि जाहिरातीत सगळ्यात धोक्याचा ‘अमूलपेक्षा’. स्पर्धकाचं नाव मराठी वाक्यात नेहमीच मोकळं, एकटं येत नाही. म्हणजे जे रूप पकडायला यादी लावायची, तेच रूप तुमच्याकडून निसटतंय. हा दोष यादीचा नाही, महाशय. यादी कुणीतरी इंग्रजीवरून उचलून तशीच चिकटवली, त्याचा आहे.

उपाय एका ओळीचा आहे. शेवटचा `\b` काढायचा आणि त्याऐवजी ‘पुढे मात्रा किंवा पायमोड नसावी’ अशी अट घालायची:

```python
r'\bअमूल(?![\u093E-\u094D])'
```

आता ‘अमूल्य’ सुटतो आणि ‘अमूलपेक्षा’ अडतो. त्याआधी मजकूर `NFC` या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणायचा आणि त्यात लपलेली `U+200C`, `U+200D` ही न दिसणारी चिन्हं काढून टाकायची, कारण `NFC` ती काढत नाही. मोबाइलच्या कीबोर्डवरून किंवा जुन्या फाइलमधून आलेल्या मजकुरात ती कुठेही बसलेली असतात, आणि डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द यंत्राला वेगळा लागतो. रोमन लिपीत लिहिलेली मराठी पोस्टही चालत असेल, तर त्या नावाची रोमन रूपं यादीत वेगळी घालावी लागतात.

याच्या पुढे मात्र नियमाची हद्द संपते. समजा तुम्ही एखाद्या वर्तमानपत्राचं काम बघता आणि तुमच्या स्पर्धकांच्या यादीत ‘सकाळ’ आहे. वरच्या अटीने ‘सकाळी’ सुटेल, कारण तिथे वेलांटी आहे. पण ‘सकाळचा चहा’ आणि ‘सकाळचा अंक’ यांत यंत्राला कुठलाच फरक दिसणार नाही. हा फरक माणसालाच कळतो. म्हणूनच मी पोस्ट ‘रद्द करा’ म्हणत नाही, ‘थांबवा आणि माणसाला दाखवा’ म्हणतो. मूळ लेखात हे वाक्य होतं. तुम्ही ते वाचलं नसावं.

तुमच्या दह्याबद्दलही तेच. स्पर्धकाचं नाव घेणं आपल्याकडे बेकायदा नाही. तुलनात्मक जाहिरात चालते, पण दावा खरा असावा लागतो, सिद्ध करता यावा लागतो आणि दुसऱ्याच्या मालाची बदनामी चालत नाही. तपासणाऱ्याने ती पोस्ट बघून एकच प्रश्न विचारायचा असतो: घट्टपणा कुठे मोजला, आणि तो कागद कुठे आहे? कागद असेल तर पोस्ट पाच मिनिटांत सुटते. नसेल, तर ती तुमच्याकडून बिनदिक्कत गेली याचा आनंद मानू नका.

तारखांचं म्हणाल तर माझ्या लेखात कुठेही धंदा बंद ठेवा असं लिहिलेलं नाही. एखादी तारीख यादीत एकटी घालणारा माणूस दुसऱ्याच आठवड्यात वैतागून यादी काढून टाकतो, तुम्हीही बहुधा तेच केलंत. तारीख एकटी घालायचीच नसते. ती शब्दाच्या जोडीनं घालायची. ‘शुभेच्छा’ हा शब्द घ्या. तो वर्षभर प्रत्येक खात्यावर असतो, त्याला अडवलं तर कामच ठप्प होईल. पण ६ डिसेंबर आणि ‘शुभेच्छा’ ही जोडी आली की थांबायलाच हवं. १९५६ साली त्या दिवशी बाबासाहेब गेले. त्या दिवशी ‘विनम्र अभिवादन’ लिहितात. एका दुकानाच्या खात्यावरून महापरिनिर्वाण दिनाच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ गेल्या, तेव्हा मी त्या कामाच्या जवळ होतो. पोस्ट काढली, पण तोवर तिची चित्रं गावभर फिरली होती, आणि मालकाला दारात आलेल्या माणसांसमोर हात जोडून उभं राहावं लागलं. लिहिणारा मुलगा हुशार होता. त्याने जयंतीचा साचा उघडून फक्त नाव आणि तारीख बदलली होती, एवढंच. डोकं असलं की यादी लागत नाही म्हणता ना? त्याला डोकं होतं. त्या दिवशी त्याच्या हातात अनेक खात्यांच्या पोस्ट होत्या.

२६ नोव्हेंबरचंही असंच. त्या दिवशी संविधान दिन असतो, त्याच्या शुभेच्छा अगदी योग्य आहेत, त्या अडता कामा नयेत. पण २००८ नंतर मुंबईतल्या माणसाला त्याच तारखेला ‘धमाका ऑफर’ वाचायला लावणं मला सहन होत नाही. म्हणून तिथली जोडी ‘धमाका’, ‘स्फोटक’, ‘हल्लाबोल’ अशा शब्दांशी लावायची. बाकी ऑफर खुशाल जाऊ दे. आणि काही जोड्यांना तारीखच लागत नाही. ‘पुण्यतिथी’ आणि ‘शुभेच्छा’ एका पोस्टमध्ये दिसले की थांबवा, मग दिवस कुठलाही असो. मोहरमसारखे दिवस चंद्रावर फिरतात आणि आपल्या कित्येक पुण्यतिथ्या तिथीनेही पाळल्या जातात, म्हणून तारखांचा तक्ता दर वर्षी नव्याने भरावा लागतो. गेल्या वर्षीचा तक्ता चालवत ठेवला तर तो चुकीच्या दिवशी अडवतो आणि खऱ्या दिवशी गप्प बसतो.

तारीख कुठून घ्यायची हेही महत्त्वाचं. मजकुरातून नाही. तिथे २६/११, 26/11, २६ नोव्हेंबर अशी रूपं येतात, आणि बहुतेक वेळा तारीख लिहिलेलीच नसते. पोस्ट जाण्याची जी वेळ लावलेली असते, तिच्यावरून घ्यायची, आणि ती भारतीय वेळेत बदलून घ्यायची. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे रात्री बाराला लावलेली पोस्ट त्याच्या हिशेबाने आदल्या दिवसाची असते, आणि पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या पोस्ट तारखेच्या तपासणीतून निसटतात. आपल्याकडे खास दिवसाची पोस्ट लोक रात्री बाराच्या ठोक्यावर टाकतात. म्हणजे जिथे तपासणी सगळ्यात जास्त हवी, नेमकं तिथेच ती झोपलेली असते. हे कळायचं कसं? तारखेच्या जोडीमुळे अडलेल्या पोस्टच्या नोंदीत त्याच तारखेच्या मध्यरात्र ते पहाट या वेळेतली एकही पोस्ट कधी दिसत नसेल, तर हाच घोळ आहे.

तुमच्या ‘दहांतल्या नऊ’चं मी वरच निस्तरलं असं मला वाटतं. सरसकट शब्द काढून जोड्या घातल्या आणि प्रत्ययांची अट बसवली की फुकट अडणाऱ्यांतल्या बऱ्याचशा गळतात. उरलेल्यांसाठी प्रत्येक अडलेल्या पोस्टबरोबर कारण दिसलं पाहिजे: कुठला नियम, कुठला शब्द, कुठली ओळ. नुसतं ‘तपासणीसाठी थांबवली’ एवढं दाखवलंत तर तपासणारा माणूस चार दिवसांत न वाचता ‘मंजूर’ दाबायला लागतो, आणि मग दहावीही त्याच वाटेने जाते.

तुमची दुधाची पोस्ट अर्धा दिवस लटकली, त्यात शब्दाचा भाग थोडा होता. कुणी बघणारं नव्हतं म्हणून ती लटकली. ठरलेल्या वेळेत पहिल्या माणसाने उघडली नाही तर दुसऱ्याकडे जावी, आणि कुणीच उघडली नाही तर ती थांबलेलीच राहावी, आपोआप सुटू नये. मंजुरीनंतर एक अक्षर जरी बदललं तरी तपासणी पुन्हा व्हावी. आणि ज्याने लिहिली त्याने ती सोडू नये.

या शेवटच्या बाबतीत तुमच्याकडे काय चालतं ते जरूर कळवा. पोस्ट लिहिणाऱ्याकडेच मंजुरीचं बटण असेल, तर आपण यादीबद्दल वाद घालतच नाही आहोत.