तेलाचा वास येतोय म्हणजे तेल मुरलं नाही, वरच राहिलं

“केस धुतल्यावरही तेलाचा वास येतो? म्हणजे तेल छान मुरलंय! रात्रभर ठेवा आणि कडक गरम पाण्याने धुवा. तरी वास राहिला तर लिंबू आणि खायचा सोडा चोळा. शांपू दोनदा कधीच लावू नका, केस गळतात. सगळ्या मैत्रिणींना पाठवा.”

हा मजकूर या महिन्यात मला तिसऱ्यांदा आला. पार्लरमध्ये रोज इतरांची डोकी धुणाऱ्या बाईला तो पाठवायचा म्हणजे धाडसच म्हणायचं. असो, सुरुवात मुरण्यापासून करते.

तेल केसात शिरतं हे खरं आहे, पण सगळी तेलं सारखी शिरत नाहीत. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसातून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्याचे रेणू लहान आणि सरळ असतात आणि केसाच्या आत जाऊ शकतात. आत जातं ते अगदी थोडं. हाताला चिकट लागतं ते सगळं केसावर आणि टाळूवर बसलेलं असतं, आणि नाकाला वास येतो तोही तिथूनच. सुगंधी द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. तेलाचा थर आहे तोवर वासही तिथेच मुक्कामाला.

रात्रभर ठेवल्याने फायदा दुप्पट होत नाही, खवटपणाला मात्र वेळ मिळतो. सूर्यफूल, बदाम, मोहरी यांसारख्या तेलांवर हवेची क्रिया होते आणि जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास सुटतो. हे तेल उशीच्या अभ्र्यात, कंगव्याच्या दातांच्या मुळाशी, केसांच्या रबरात साठत जातं. धुतलेलं डोकं त्याच उशीवर टेकलं की वास परत आला, आणि आपण शांपूला दोष देतो. ज्यांना कोंडा आहे त्यांनी तर रात्रभर तेल ठेवूच नये. टाळूवर राहणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी स्निग्ध पदार्थांवरच जगते. ती ते फोडते, त्यातून सुटणारी आम्लं टाळूला चुरचुरवतात आणि खाज वाढते. कोंडा नसेल तर धुण्याआधी तासभर पुरे.

कडक पाण्याबद्दल एवढंच: खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, म्हणून थंड पाण्याने ते चिकटून बसतं. मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद लागेल इतकं कोमट पाणी त्यासाठी पुरतं. त्याहून गरम पाणी तेल पातळ करतं, काढत नाही, कारण पाणी कितीही तापवलं तरी तेल त्यात मिसळत नाही. भाजते ती टाळू.

लिंबू आणि सोडा एकत्र केले की फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि डोक्यावर उरतं ते जवळपास मीठपाणी. वेगवेगळे लावाल तर लिंबू फार आंबट, टाळूवर ओरखडे असतील तर झोंबतं आणि त्यानंतर उन्हात गेलात तर त्वचेवर फोडही येऊ शकतात. सोडा उलट अल्कधर्मी, केसाचे खवले उघडून ते खरखरीत करतो. लिंबाचा वास तेलाच्या वासावर तासभर पांघरूण घालतो, बस्स.

आता दोनदा शांपू लावण्याबद्दल. इथे थोडं थांबते, कारण सगळी मेख इथेच आहे.

कंबरेपर्यंत केस असलेल्या एक ताई माझ्याकडे आल्या. तक्रार एकच: सकाळी धुतलं तरी संध्याकाळी मानेमागून वास. त्यांना घरी करतात तसंच करून दाखवायला सांगितलं. तेल जवळजवळ अर्धी वाटी, तेही टाळूवर ओतून. मग डोकं चिंब भिजवलं, माथ्यावर शांपूची एक चिमूटभर धार, फेस आला नाही म्हणून आणखी पाणी, आणि झालं. फेस का येईना? तेल फेस मारतं. शांपूच्या रेणूंची एक बाजू तेलाला धरते आणि दुसरी पाण्याला. तेल जास्त असलं की सगळे रेणू त्यालाच धरण्यात खर्ची पडतात, फेसासाठी उरत नाहीत. म्हणजे फेस नाही हीच तेल शिल्लक असल्याची खूण.

आम्ही पद्धत बदलली. तेल दोन चमचे, बोटांनी भांग पाडत टाळूवर, हाताला उरलेलं केसांच्या लांबीवर, तासभरच. मग केस भिजवायच्या आधी, तेलकट लांबीवर कंडिशनर चोळला, पाचेक मिनिटं ठेवला. तो तेलाला पाण्यात मिसळण्याजोगं करतो, म्हणून धुताना पांढरट दुधासारखं पाणी निघालं. त्यानंतर शांपू वाटीभर पाण्यात कालवून थेट टाळूवर: कानामागे, मानेच्या खळगीत, शेंडीच्या जागी. नखांनी नाही, बोटांच्या पेरांनी, दोन मिनिटं. पहिल्यांदा फेस नाममात्र आला. दुसऱ्यांदा त्याच्या निम्म्याच शांपूत भरपूर आला. मग फक्त पाण्याने, घसरडं लागायचं थांबेपर्यंत.

तेल निघालं की नाही याची माझी परीक्षा सोपी आहे. केस वाळल्यावर कानामागच्या टाळूवर साधा टिश्यू पेपर दाबायचा आणि पाच मिनिटं बाजूला ठेवायचा. पाण्याचा डाग सुकून जातो, तेलाचा पारदर्शक ठिपका तसाच राहतो. ताईंचा पहिला कागद मानेमागे ठिपक्याने भरला होता, त्या दिवशीचा कोरा निघाला. तरी दोन दिवसांनी फोन आला: वास आहेच. कंगवा! तो शांपूच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून जुन्या टूथब्रशने घासला, अभ्रा गरम पाण्यात धुतला, मग वास थांबला.

केस गळण्याचं म्हणाल तर रोज पन्नास ते शंभर केस आपोआप सुटतात. आठवड्यातून एकदाच धुणाऱ्यांना ते सगळे एकदम मोरीत दिसतात आणि घाबरायला होतं. ते आधीच सुटलेले असतात, शांपू त्यांना फक्त बाहेर काढतो.

धुतल्यावर मुळं ओली ठेवून अंबाडा घालू नका. तो ओलसर कोंदट वास तेलाचा नसतोच, तरी नाव तेलावरच जातं. आणि टिश्यू कोरा असूनही वास आहे, पिवळट चिकट खपल्या आहेत, खाज आहे, तर तेल बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी बहुधा केटोकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध असलेला शांपू देतात, तो तीन ते पाच मिनिटं टाळूवर ठेवावा लागतो, लावला की लगेच धुतला तर काम करत नाही. मुलांच्या डोक्यावर टक्कल पडलेला चट्टा किंवा पू दिसला तर मात्र घरात काहीच करत बसू नका.