एक्स म्हणजे नक्की किती?

ब्रँड गाईड म्हणजे कंपनीचा लोगो, रंग आणि फोटो कसे वापरायचे त्याची नियमवही. तिचा ड्राफ्ट तपासायला देणारा माणूस कधीच "तपासा" म्हणत नाही, तो म्हणतो "ताई, सहज एक नजर टाका". ही सहज नजर ज्यावर टाकायची ती ६४ पानांची पीडीएफ असते आणि ती शुक्रवारी संध्याकाळी येते. यावेळी ती आली सांगलीकडच्या एका मसालेवाल्यांकडून. मुंबईच्या एका एजन्सीने बनवलेली, मालकांना दिसायला जाम आवडलेली, फक्त "लोगोची जागा, रंग आणि फोटो यात काय राहिलंय का तेवढं बघा की" असं कव्हर मेसेजमध्ये लिहिलेलं.

पहिली बारा पानं ब्रँडच्या आत्म्याबद्दल होती. धुक्यातला डोंगर आणि त्यावर "आम्ही चव बनवत नाही, आठवणी बनवतो". मालक बनवतात मिरची पूड, पण असो. सव्विसाव्या पानावर "आमच्या कॉफीचा प्रत्येक घोट" असंही एक वाक्य सापडलं, म्हणजे आधीच्या कुठल्यातरी क्लायंटचा आत्मा तिथे अजून भटकत होता.

आता गंमत अशी आहे की काय राहिलंय हे पीडीएफ वाचून कळतच नाही. जे लिहिलंय ते दिसतं, जे लिहिलेलंच नाही ते कितीही डोळे फाडून बघितलं तरी कसं दिसणार? म्हणून मी वाचत बसत नाही, मी कामांची यादी काढते. अर्धा किलोचा पाऊच, पाच रुपयांचं पाकीट, गोडाऊनचा खाकी बॉक्स, टेम्पोची बाजू, व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी. मग समजायचं की आपणच तो टेम्पो रंगवणारा पेंटर, हातात फक्त ही पीडीएफ आहे आणि कुणालाही फोन करायला बंदी आहे. करत सुटायचं काम. जिथे फोनकडे हात जातो तिथे नियम राहिलाय, लिहा कमेंट.

पहिला हात पाऊचलाच गेला. लोगोच्या पानावर ऐटीत लिहिलेलं, "लोगोच्या चारही बाजूंना X एवढी मोकळी जागा सोडावी". चारही बाजूंना सुंदर बाण, प्रत्येक बाणावर X. फक्त X म्हणजे किती हे ६४ पानांत कुठेच नाही. मी स्क्रीनवर पट्टी लावून मोजलं तर डावीकडचा X वरच्या X पेक्षा मोठा निघाला. एजन्सीच्या मुलाला विचारलं (हो, फोन केला, कमेंट लिहून झाल्यावर) तर तो म्हणाला, "मॅडम, एक्स म्हणजे एक्स-हाइट, स्टँडर्ड असतं ते." एक्स-हाइट म्हणजे इंग्रजीतल्या छोट्या एक्सची उंची. लोगो देवनागरीत आहे बाळा. यात छोटा एक्सही नाही आणि मोठाही नाही, यात शिरोरेषा आहे, तिच्या वर एक दुसरी वेलांटी आहे आणि खाली लोंबकळणारा एक उकार आहे. इंग्रजी लोगोचं टेम्प्लेट तसंच उचललं की हे होतं. वरची मोकळी जागा त्यांनी शिरोरेषेपासून मोजली होती, त्यामुळे बिचारी वेलांटी स्वतःच्याच मोकळ्या जागेत अतिक्रमण करून उभी.

बरं म्हटलं, चित्रावरून वाटतंय तसं समजू, X म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची. पाऊच १६० मिमी रुंद, दोन्ही बाजूंना १० मिमी सीलिंगची पट्टी, उरले १४०. लोगो १०० मिमी रुंद ठेवला तर अक्षराची उंची येते २४. दोन्हीकडे २४ सोडले की एकूण १४८. म्हणजे स्वतःच्या मुख्य पाऊचवर स्वतःचाच लोगो नियमाने बसत नाही! आणि अजून हिरवा ठिपका यायचाय.

हिरवा ठिपका हे खरं दुखणं आहे आणि गाईडमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे शाकाहारी खूण पाकिटाच्या दर्शनी भागावर, पदार्थाच्या किंवा ब्रँडच्या नावाच्या जवळ लागते, मागची पार्श्वभूमी तिला उठाव देणारी लागते, आणि वर्तुळाचा व्यास दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावर ठरतो. आमचा पाऊच १६० बाय २३०, म्हणजे ३६८ चौरस सेंमी, म्हणजे १०० ते ५०० च्या गटात, म्हणजे व्यास कमीत कमी ४ मिमी आणि बाहेरच्या चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट, ८ मिमी. आता सरकार म्हणतं जवळ या आणि ब्रँड गाईड म्हणतं लांब राहा. डिझायनर अशा वेळी काय करतो तर जागा उरेल तिथे ठिपका टाकतो आणि सुटतो.

म्हणून मी नुसतं "X स्पष्ट करा" लिहून गप्प बसले नाही, हिशोबच लिहून दिला. X म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतच्या उंचीचा अर्धा, इथे १२ मिमी. मोजायचं ते वेलांटीच्या टोकापासून आणि उकाराच्या तळापासून. डावीकडे १२, लोगो १००, उजवीकडे १२ आणि लगेच ८ चा चौकोन, झाले १३२, आरामात १४० च्या आत, ठिपका जवळही आणि लोगोला श्वासही. पाच रुपयांच्या पाकिटात ही ओळ बसत नाही, तिथे ठिपका लोगोच्या खाली. डीपीच्या गोलात तर अख्खं नाव बसतच नाही, तिथे फक्त पहिलं अक्षर चालेल का हेही कुणी ठरवलेलं नव्हतं. मालकांचा निरोप आला, "ताई, एवढं गणित मसाल्यात पण नसतंय."

मग रंग. रंगांना नावं फार प्रेमाने ठेवलेली, "सनसेट टर्मरिक" आणि "अर्थ चिली". म्हणजे हळद आणि मिरचीच, पण एजन्सीचं बिल लागलेली. स्क्रीनच्या कोडमध्ये हळद #FFC107, मिरची #C62828, शेजारी पांढरा. तीन सुरेख गोल. कुठला रंग कशावर चालेल याबद्दल मात्र मौन.

वेबसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत, त्यात दोन रंगांच्या उजेडाचं गुणोत्तर काढतात, पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. बारीक अक्षराला निदान ४.५ हवं, मोठ्याला ३. नियम स्क्रीनचा आहे पण छापायच्या आधीही अंदाज घ्यायला मस्त पडतो. मी काढलं. पांढऱ्यावर मिरची ५.६, उत्तम. पांढऱ्यावर हळद १.६, म्हणजे आजोबांना दुकानात पाकीट उन्हात धरून वाचायला लागणार. आणि यांची लाडकी जोडी, हळदीवर मिरची, साडेतीनच्या आसपास. म्हणजे मोठं नाव दणक्यात चालेल, पण तेच बारीक घटक पदार्थ लिहायला घेतलं की नापास. ड्राफ्टमधल्या नमुना पाऊचवर घटक पदार्थ अर्थातच हळदीवर मिरचीने लिहिलेले. तीन रंगांची एक चौकट काढायची, कशावर काय चालतं आणि केवढ्या अक्षरात, एवढंच पान राहिलं होतं. त्या जागी "रंग म्हणजे भावना" असं पान होतं.

छपाईचं तर विचारूच नका. सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे आकडे सॉफ्टवेअरने आपोआप काढून दिलेले तसेच चिकटवलेले, पँटोन नंबर, म्हणजे तयार शेडचा ठरलेला क्रमांक, नाही. कोरलेल्या सिलिंडरने पाऊच छापणारा ग्रॅव्ह्युअरवाला तर एवढ्यावर थांबतच नाही, तो मागतो शेड कार्ड, त्यात लाइट, स्टँडर्ड आणि डार्क असे तीन नमुने, म्हणजे छपाई इथून तिथपर्यंत हलली तर माल घ्यायचा, त्यापुढे परत पाठवायचा. हे नसलं की पहिल्या लॉटची मिरची लाल, दुसऱ्याची विटकरी, आणि दुकानदार म्हणतो डुप्लिकेट माल आलाय. चकचकीत मेटलाइज्ड फिल्मवर रंगाखाली पांढरा थर द्यायचा की नाही हेही लिहायला लागतं, नाहीतर हळद चंदेरी होते. आणि खाकी बॉक्सवर एकाच शाईत लोगो कसा? पिवळा खाकीवर दिसतच नाही. एक रंगी लोगो फाईलमध्ये होता, पण कधी वापरायचा ते गुपित.

फोटोंचं पान आलं तेव्हा रात्र झाली होती. "आमच्या फोटोंचा टोन ऑथेंटिक, वॉर्म, रूटेड आणि प्रोग्रेसिव्ह असावा." याच्याखाली तीन फोटो, तिन्हीत लाकडी पाट आणि कारण नसताना सांडलेलं चक्रीफूल. असल्या विशेषणांवर सगळ्यांचं एकमत होतं, कारण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा फोटो असतो. म्हणून माझी एक ठरलेली परीक्षा आहे. आठ फोटो निवडले आणि तेच आठही तिघांना एकमेकांना न कळता पाठवले, मालक, इन्स्टा सांभाळणारी सूनबाई, आणि मालकांचा मेव्हणा, ज्याचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि जो हक्काने कंपनीच्या पोस्ट बनवतो. फक्त चालेल का नाही एवढं सांगा.

आठपैकी दोनवर एकमत. नऊवारी, नथ, उखळात मिरची कांडणारी मॉडेल मालकांना फार आवडली, सूनबाईंनी लिहिलं, "आपल्याकडं कोण कांडतंय आता, डंकावर जातं सगळं." मेव्हण्याला पिवळ्या बल्बखालची मिसळ आवडली, पण त्या उजेडात मिरची केशरी दिसत होती. उलट एका फोटोत रंग एवढा भडक वाढवलेला की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारणार, "रंग घातलाय काय?" मसाल्यात हा प्रश्न म्हणजे धंद्याला लागलेली नजर. जिथे भांडण झालं तिथे नियम राहिलाय, मग तेच लिहायचं. दिवसाचा उजेड, खिडकीतून, एका बाजूने. फोटोतला लाल रंग प्रत्यक्ष पुडीशी ताडून बघायचा, वाढवायचा नाही. हात दिसले तर घरातले, बायकांचेच असं नाही. भांडं रोजचं, स्टीलही चालेल. विशेषण एकही नाही.

आणि एक प्रसंग तर गाईड लिहिणाऱ्या कुणालाच सुचत नाही. गावातले एक ज्येष्ठ पुढारी गेले तेव्हा मेव्हण्याने कंपनीच्या पेजवर "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकली होती, दिवाळीच्याच टेम्प्लेटवर. चौकटीला मिरच्यांचं तोरण, कोपऱ्यात वाफाळती मिसळ, खाली टॅगलाईन "चव घराघरात". मी कमेंट टाकली, दुखवट्याच्या पोस्टवर मालाचा फोटो नको, टॅगलाईन नको, लोगो एका रंगात, छोटा, तळाला, आणि टाकण्याआधी कुणाला दाखवायचं त्याचं पद लिहा.

सगळ्या कमेंट पाठवल्यावर मालकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, बाकी सगळं करून घेतो. फक्त ते 'लोगोचं काय करू नये' पान हाय ना, त्यात ताणलेला, तिरका केलेला, सावली दिलेला असे लोगो टाकलेत, ते सगळे आमच्या मेव्हण्याच्याच फ्लेक्सवरनं उचललेत एजन्सीनं. फोटोत मागं त्याच्या दुकानाची पाटी दिसतीय. तेवढी पाटी कापायला सांगा, मला घरात जेवायचं असतंय."